लिंक्डइनवर कुणी लाइक केलं, कुणी प्रोफाइल पाहिलं : त्यातून बोलणं कसं सुरू करावं

"नमस्कार, तुम्ही काल माझं प्रोफाइल पाहिलंत. काही मदत हवी आहे का?" असा मेसेज ज्यांना आला असेल त्यांना तो वाचताना काय वाटतं हे माहीत आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण वाचणारा एकदम सावध होतो, आणि सावध झालेला माणूस उत्तर देत नाही, किंवा "सहज पाहिलं" एवढं म्हणून विषय संपवतो. ज्यांना खरंच काही विचारायचं होतं, तेही हेच करतात.

हा लेख लिंक्डइनवर स्वतःच्या कामाबद्दल लिहिणाऱ्यांसाठी आहे. सल्लागार, फ्रीलान्सर, छोटा व्यवसाय चालवणारे, अशा लोकांच्या पोस्टवर लाइक येतात, प्रोफाइलवर लोक येऊन जातात, आणि पुढे काहीच घडत नाही. घडवायचं असेल तर एक फरक आधी नीट समजून घ्यावा लागतो. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

लाइक जाहीर असतं, प्रोफाइल पाहणं खासगी

लाइक करणाऱ्याला ठाऊक असतं की त्याचं नाव पोस्टखाली दिसणार आहे. ते तुम्हाला दिसेल आणि इतरांनाही दिसेल. त्यामुळे पुढे कधी तुम्ही म्हणालात, "त्या पोस्टवर तुमचं लाइक होतं," तर त्याला धक्का बसत नाही.

प्रोफाइल पाहणं वेगळं आहे. पाहणारा ते एकट्यानं करतो, बरेचदा विचार न करता. तुम्हाला त्याची सूचना जाते हे त्याला कुठंतरी माहीत असतं, पण त्या क्षणी ते डोक्यात नसतं. कित्येकांना तर ते माहीतच नसतं. तुम्ही त्याचा उल्लेख केलात की एकांतात केलेली गोष्ट कुणीतरी टिपून ठेवली होती असं त्याला जाणवतं.

म्हणून मी एकच नियम पाळायला सांगेन. लाइकचा उल्लेख एका वाक्यात चालेल, प्रोफाइल पाहिल्याचा उल्लेख कधीही नको. "तुम्ही माझ्या कामात रस दाखवलात," "तुमच्या भेटीबद्दल आभार" अशा आडवळणानंही नको, कारण वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. पाहिल्याच्या माहितीचा उपयोग फक्त तुमच्यापुरता करायचा : कुणाकडे लक्ष द्यायचं, आणि केव्हा.

याला जोडून एक गोष्ट. लिंक्डइनवर पाहणाऱ्याला आपलं नाव लपवता येतं. काही जण पूर्ण निनावी असतात, तर काहींचं फक्त पद किंवा कंपनी दिसते, म्हणजे "अमुक कंपनीतलं कुणीतरी" एवढंच. त्या कंपनीत असं पद कुणाचं आहे हे शोधून त्या व्यक्तीला मेसेज टाकण्याचा मोह होतो. तो टाळाच. त्यानं मुद्दाम नाव झाकलं आहे, आणि अंदाज बरोबर निघाला तर तो तुम्हाला अधिकच महाग पडेल. निनावी भेटी मोजायच्या आणि सोडून द्यायच्या.

तुमची स्वतःची सेटिंगही पाहून घ्या. मोफत खात्यात तुम्ही खासगी मोडमध्ये फिरत असाल तर तुमचं प्रोफाइल कुणी पाहिलं ही यादी तुम्हालाही मिळत नाही. माझ्या मते ही देवाणघेवाण रास्त आहे. तुमचं नाव उघडं ठेवा, म्हणजे तुम्ही कुणाचं प्रोफाइल पाहिलंत तर त्यांनाही ते दिसेल. मोफत खात्यात यादीतली मोजकीच नावं दिसतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी ती उघडून पाहावी, नाहीतर मधली नावं निसटतात.

पायरी पहिली : चाळणी

प्रत्येक लाइकमागे हेतू नसतो. काही लोक समोर येईल त्याला लाइक करतात. काही तुमचे जुने सहकारी असतात, आपुलकीनं करतात. प्रोफाइल पाहणाऱ्यांत तर प्रतिस्पर्धी, काहीतरी विकायला निघालेले आणि नावसाधर्म्यामुळे चुकून आलेले असे बरेच जण असतात. यांतल्या सगळ्यांना मेसेज करायचा नाही.

मी दोन प्रश्न विचारून पाहतो. ज्या पोस्टवर लाइक आलं, ती ज्या अडचणीबद्दल होती ती या माणसाच्या रोजच्या कामात येते का? आणि त्यानं दोन वेगळ्या गोष्टी केल्या आहेत का, म्हणजे लाइक आणि प्रोफाइल पाहणं, किंवा एकाच विषयावरच्या दोन पोस्टना लाइक? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर तो माणूस यादीत घ्यावा. पहिल्याचंच "हो" असेल तर थांबावं, पुढच्या पोस्टपर्यंत वाट पाहावी. पहिल्याचं "नाही" असेल तर त्यानं दहा लाइक केले तरी तो तुमच्या कामाचा चाहता आहे एवढंच समजावं, आणि तेही कमी नाही.

हे तपासताना त्याचं प्रोफाइल एकदाच उघडा. चार दिवसांत चार वेळा उघडलंत तर त्याच्या यादीत तुमचं नाव पुन्हा पुन्हा वर येतं. आपण ज्या अवघडलेपणापासून वाचायला बघतोय, तेच मग आपण त्याला देतो. एकदाच पाहा आणि हवं ते वहीत टिपून ठेवा : नाव, कोणत्या पोस्टवर काय केलं, त्याच्या कामाशी संबंध काय.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ

समजा तुम्ही पॅकेजिंगचे सल्लागार आहात. तुम्ही एक पोस्ट टाकली : पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या सपाट चौकटीवर, पुठ्ठ्याचे खोके विटांच्या भिंतीसारखे गुंफून रचले की ढीग डगमगत नाही, पण खालचे खोके लवकर दबतात. कारण खोक्याची वजन पेलायची ताकद मुख्यतः त्याच्या कोपऱ्यांत असते. सरळ रचले तर कोपऱ्यावर कोपरा येतो. गुंफले की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या कमकुवत मधल्या भागावर बसतो.

या पोस्टला वीसेक लाइक आले. त्यातलं एक घरगुती उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतल्या डिस्पॅच मॅनेजरचं होतं. दुसऱ्या दिवशी प्रोफाइल पाहणाऱ्यांच्या यादीत तेच नाव दिसलं. त्यांची आणि तुमची ओळख नाही, कनेक्शनही नाही.

चाळणीतून हे नाव सहज पार होतं. खोके दबणं हा डिस्पॅचवाल्याच्या रोजच्या डोकेदुखीचा भाग आहे, आणि त्यांनी दोन गोष्टी केल्या आहेत. बहुतेक जण इथंच लगेच मेसेज टाकतात. प्रोफाइल पाहिल्यावर तासाभरात मेसेज आला तर तुम्ही प्रोफाइलचा उल्लेख न करताही तो झाल्यासारखाच असतो. वेळच सगळं सांगून टाकते. म्हणून दोन ते चार दिवस जाऊ द्या. त्याहून फार लांबवू नका, कारण दोन-तीन आठवड्यांनी पोस्टच त्यांच्या लक्षात नसेल.

पायरी दुसरी : स्वतंत्र कारण तयार करा

हे दोन-चार दिवस हातावर हात ठेवून बसायचं नाही. तुमच्या मेसेजला असं कारण हवं, की त्यांनी तुमचं प्रोफाइल पाहिलंच नसतं तरी तो मेसेज तितकाच स्वाभाविक वाटला असता. मेसेज लिहून झाल्यावर याच कसोटीवर तो तपासा. आणखी एक तपासणी करता येते. ते उलट म्हणाले, "हे तुम्हाला कसं कळलं?" तर तुमच्याकडे एका वाक्यात, न अडखळता देता येणारं उत्तर आहे का?

असं कारण तयार करायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्याच विषयावर पुढची पोस्ट लिहिणं. आपल्या उदाहरणात ती अशी असू शकते : "सरळ रचले तर ढीग डगमगतो, मग काय करायचं?" त्यात सांगा की बरेच जण खालचे थर सरळ रचतात, सगळ्यात वरचा एखादा थरच गुंफतात, आणि सगळ्याला स्ट्रेच फिल्म गुंडाळतात. शेवटी खुला प्रश्न ठेवा : "तुमच्याकडे दमट गोदामात किती थर टिकतात?" पुठ्ठा ओलावा शोषतो आणि त्याची ताकद घटते, त्यामुळे डिस्पॅचमधल्या प्रत्येकाकडे यावर सांगण्यासारखं काहीतरी असतं.

पोस्ट त्या एकाच माणसाला उद्देशून नसावी, आणि त्यात त्यांना टॅग करू नये. टॅग केल्यानं लाइकचं रूपांतर सर्वांसमोरच्या हजेरीत होतं. पोस्ट सगळ्यांसाठी असते, आणि ज्याला हवं तो स्वतःहून बोलतो. कित्येकदा मेसेजची गरजच उरत नाही, कारण ते कमेंट करतात. कमेंट आली की त्याखालीच मनापासून, तपशिलात उत्तर द्या, आणि एक छोटा प्रश्न जोडा. दोन-तीन देवाणघेवाणींनंतर "याचा एक फोटो दाखवतो, मेसेजमध्ये पाठवू का?" असं विचारणं अगदी सरळ असतं.

दुसरा मार्ग त्यांच्या बाजूनं आहे. त्यांनी गेल्या महिन्याभरात स्वतः काही लिहिलं असेल तर ते वाचून कमेंट करा, अर्थात खरंच सांगण्यासारखं असेल तरच. "छान पोस्ट, सर" याचा उपयोग नाही. आणि दोन वर्षांपूर्वीची पोस्ट उकरून त्यावर कमेंट करू नका. तिथं पोहोचायला किती खाली स्क्रोल करावं लागतं हे सगळ्यांना माहीत आहे.

पायरी तिसरी : मेसेज

नव्या पोस्टवर ते बोलले नाहीत असं धरू. आता कनेक्शन रिक्वेस्ट पाठवायची. मोफत खात्यातून रिक्वेस्टबरोबर 200 अक्षरांपर्यंतची नोंद जोडता येते, तीही महिन्यातून मोजक्याच वेळा, म्हणून ती अशाच नावांसाठी राखून ठेवा. मराठीत लिहिताना काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर संपते, त्यामुळे दोन-तीन छोटी वाक्यंच बसतात.

असं लिहू नये :

"नमस्कार सर, तुम्ही माझी पोस्ट लाइक केलीत आणि प्रोफाइलही पाहिलंत. तुमच्या कंपनीचा नवा प्लांट सुरू झाल्याचं वाचलं. 15 मिनिटं बोलूया का?"

यात पाळतीचा वास येतो तो एका वाक्यामुळे नाही, एकावर एक रचलेल्या तपशिलांमुळे येतो. लाइक किंवा प्लांट, यांतली एखादी गोष्ट सुटी असती तर खपली असती, प्रोफाइलचा उल्लेख मात्र एकटाही नको. तिन्ही एकत्र आल्या की फाइल बनवल्यासारखं वाटतं. वर लगेच वेळही मागितला आहे. एका मेसेजमध्ये समोरच्याबद्दल एकच तपशील असावा, आणि तो त्यानं जाहीरपणे केलेल्या गोष्टीचाच असावा.

असं लिहावं :

"नमस्कार सर. खोके रचण्यावरच्या माझ्या पोस्टला तुमचं लाइक होतं, आभार. डिस्पॅच सांभाळणाऱ्यांशी याच विषयावर बोलायला आवडतं, म्हणून रिक्वेस्ट पाठवतोय."

इथं काही मागितलेलं नाही. कारण खरं आहे, आणि ते कुणासमोरही सांगता येईल असं आहे. लाइकचा उल्लेख एकदाच आला आहे. हा उल्लेखही नको वाटला तर पहिलं वाक्य गाळून "खोके दबण्याच्या अडचणीवर लिहीत असतो" अशी सुरुवात करा. मला तीच अधिक आवडते.

रिक्वेस्ट स्वीकारली की त्याच मिनिटाला पुढचा मेसेज टाकू नका. दुसऱ्या दिवशी टाका. त्या मेसेजमध्ये एक प्रश्न असावा, आणि तो कसा असावा यावर थोडं थांबायला हवं, कारण बोलणं बहुधा इथंच सुरू होतं किंवा संपतं.

"पॅकेजिंगमध्ये तुम्हाला काय अडचणी येतात?" हा प्रश्न वाईट आहे. त्याचं उत्तर द्यायला विचार करावा लागतो, कंपनीच्या उणिवा अनोळखी माणसाला सांगाव्या लागतात, आणि पुढे विक्री येणार हे स्पष्ट दिसतं. चांगल्या प्रश्नाचं उत्तर माणसाला आधीच माहीत असतं, त्यात कंपनीचं काही उघडं पडत नाही, आणि फोनवर उभ्या उभ्या एका ओळीत ते देता येतं :

"आभार, सर. एक उत्सुकता आहे. तुमच्याकडे खोके सरळ रचतात की गुंफून? मोठ्या उपकरणांत बरेच जण सरळ रचतात असं ऐकतो, पण ढीग डगमगण्याची तक्रारही तितकीच असते."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. "आम्ही गुंफतो" असं म्हणायला त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून दोन्ही पद्धतींना कारण असतं हे त्यात आधीच मान्य केलं आहे.

फक्त प्रोफाइल पाहिलं असेल तर

लाइक नाही, कमेंट नाही, फक्त यादीत नाव आहे. अशा वेळी बोलायला जाहीर असं काहीच नसतं, म्हणून थेट मेसेज नको. तुम्ही उघड नावानं त्यांचं प्रोफाइल एकदा पाहा. त्यांना ते दिसेल आणि हवं असेल तर तेच पुढे येतील. त्यांचं ताजं लिखाण असेल तर वर सांगितल्याप्रमाणे कमेंट करा. कामाचा थेट संबंध असेल तर तीन-चार दिवसांनी नोंद न जोडता साधी रिक्वेस्ट पाठवा. लिंक्डइन स्वतःच सगळ्यांना माणसं सुचवत असतं, त्यामुळे नोंदीशिवायची रिक्वेस्ट कुणाला विचित्र वाटत नाही.

खरं काम मात्र तुमच्या प्रोफाइलनं करायला हवं. पाहायला आलेला माणूस बोलायला तयार होता, पण त्याला धागा सापडला नाही, असं बरेचदा होतं. 'अबाउट'मधल्या सुरुवातीच्या काही ओळीच आधी दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. त्या ओळींत पदव्या आणि वर्षं न लिहिता तुम्ही कोणती अडचण सोडवता ते लिहा, आणि विचारायला एक सोपी वाट द्या : "खोके दबत असतील तर ढिगाचा एक फोटो मेसेजमध्ये पाठवा, कारण काय असावं ते सांगतो." असं लिहिलेलं असलं की पाहणारा स्वतःच सुरुवात करतो, आणि तुम्हाला कुणाच्या मागे जावं लागत नाही.

पायरी चौथी : उत्तर आल्यावर, आणि न आल्यावर

आपल्या उदाहरणात समजा उत्तर आलं : "गुंफून रचतो. खालच्या थरात डॅमेज आहे, पण लेबर सरळ रचायला तयार नसतात."

ही मोठी गोष्ट आहे. अडचण त्यांनी स्वतःहून सांगितली. इथं लगेच "मी ऑडिट करून देतो" असं म्हटलं तर आधीचा प्रश्न सापळा होता असं त्यांना वाटेल. आधी उपयोगी काहीतरी द्या, जे ते तुमच्याशिवायही वापरू शकतील : "सगळा बदल एकदम नको. एकच पॅलेट घ्या. खालचे थर सरळ, वरचा एकच गुंफलेला, आणि फिल्म. शेजारी नेहमीचं पॅलेट ठेवा आणि आठवड्यानं दोन्हींचे खालचे खोके पाहा. लेबरला फरक डोळ्यांनी दिसला की समजावणं सोपं जातं." मग थांबा. आठवड्यानं विचारायला तुमच्याकडे नैसर्गिक कारण आहे : त्या पॅलेटचं काय झालं? त्या उत्तरानंतर फोनवर बोलूया म्हणणं रास्त ठरतं, कारण तोवर बोलायला खरा विषय तयार झालेला असतो.

नुसता अंगठा किंवा "थँक्स" आलं तर ते सौम्य "नको" समजा. त्यावर दुसरा प्रश्न टाकू नका.

काहीच आलं नाही तर एकदाच पुन्हा लिहा, आठ-दहा दिवसांनी, आणि नवं काही देण्यासारखं असेल तरच. "माझा मेसेज पाहिलात का?" असं विचारू नका. मेसेज वाचल्याची खूण तुम्हाला दिसत असली तरी तिचा उल्लेख हा प्रोफाइल पाहिल्याच्या उल्लेखाइतकाच टोचतो. तरीही शांतता असेल तर ते नाव वहीत तसंच राहू द्या. ते पुढच्या पोस्ट वाचत राहतील. रिक्वेस्ट स्वीकारली गेली नाही म्हणून ती मागे घेऊन पुन्हा पाठवण्याचा विचार असेल, तर मागे घेतल्यावर त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत नवी रिक्वेस्ट जात नाही हे लक्षात ठेवा. माझ्या मते ती तशीच राहू द्यावी.

कुणी सरळ विचारलंच, "मी तुमचं प्रोफाइल पाहिलं म्हणून मेसेज केलात का?" तर खोटं बोलू नका. "हो, यादीत नाव दिसलं होतं. पण लिहिलं ते तुम्ही डिस्पॅच पाहता म्हणून, हा माझा आवडीचा विषय आहे" एवढं पुरे. आणि ते स्वतःच म्हणाले, "परवा तुमचं प्रोफाइल पाहत होतो," तर तिथून पुढे लपवण्यासारखं काही उरत नाही. मग निःसंकोच विचारा : "काही विशिष्ट शोधत होता का?"